हिमाचल पासिंगची प्राडो साडेअठरा लाखांत मिळतेय, घ्यावी का?

मळेवाला_अमोल

नमस्कार मंडळी. मी पिंपळगाव बसवंतचा, घरची द्राक्षबाग आहे. गेल्या आठवड्यात नाशिकला जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे टोयोटा लँड क्रूझर प्राडो पाहिली. पेट्रोल, ऑटोमॅटिक, २०१२ चं मॉडेल, स्टिअरिंग उजवीकडे. चालवून बघितली. मळ्यातल्या चाकोरीतून अशी गेली की आतल्या माणसाच्या पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही. वडिलांना मणक्याचा त्रास आहे, त्यांना बसवून आणलं तर ते म्हणाले, "हीच घे."

पासिंग हिमाचलचं आहे. आरसीवर पहिली नोंदणी २०२१ ची आणि आत्ताचा मालक दुसरा. व्यापारी म्हणतो गाडी बाहेर देशातली आहे, लष्कराच्या लिलावात निघाली होती, कागद क्लिअर आहेत. एनओसी तो आणून देणार, महाराष्ट्राचं पासिंग मी करून घ्यायचं. साडेअठरा लाख मागतोय, सतरापर्यंत येईल.

कागद, स्पेअर, इन्शुरन्स आणि पुढे विकताना काय होतं, हे ज्यांनी भोगलंय किंवा बघितलंय त्यांनी सांगा. पंधरा दिवसांत टोकन द्यायचं आहे.

कोल्हापुरी_राजू

दादा, टोकन देऊ नका. बाकीचं लोक सांगतीलच.

सह्याद्री४बाय४

लगेच घाबरवू नका हो त्यांना. बाहेरून आलेली प्रत्येक गाडी चोरीची नसते. माझ्याकडे २००८ ची खाजगी आयात केलेली जीप आहे, दुसऱ्या मालकाकडून घेतली. अकरा वर्षं वापरतोय, एकदाही कुणी अडवलं नाही. प्राडोचं हे पेट्रोल इंजिन तर दगड आहे, तीन लाख किलोमीटर सहज जातं.

आणि ही गाडी भूतानमार्गे आली असेल तरी काय बिघडलं? भूतानशी आपला व्यापार करार आहे, तिथून येणाऱ्या मालावर ड्युटी लागत नाही.

डॉकयार्ड_काका

मी मुंबईत सव्वीस वर्षं क्लिअरिंग एजंटचं काम केलं, आता निवृत्त आहे. आधी भूतानचं सांगतो, कारण हा गैरसमज घेऊन लोक पैसे घालवतात. करारातली सूट भूतानमध्ये तयार झालेल्या मालाला आहे. भूतानमध्ये मोटारी बनत नाहीत. जपानची गाडी थिंफूला जाऊन आली म्हणून ती भुतानी होत नाही, तिच्यावर आपली पूर्ण ड्युटी बसते. भूतानची गाडी तिथल्या नंबरवर आपल्याकडे फिरताना दिसते, ते वेगळं. ती परत जायची असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ केलं, ते बऱ्याच जणांनी बातम्यांत बघितलं असेल. नटांच्या घरांपर्यंत झडती गेली होती. कस्टम्सचं म्हणणं असं की लँड क्रूझर, डिफेंडर अशा जुन्या गाड्या भूतानहून आणल्या, लष्कराच्या आणि वकिलातींच्या नावाचे बनावट कागद तयार केले आणि त्यांवर हिमाचलसारख्या राज्यांत नोंदणी करून घेतली. मग त्या गाड्या देशभर विकल्या गेल्या. अमोल, तुमच्या पोस्टमध्ये हिमाचल आहे, लष्कराचा लिलाव आहे आणि लँड क्रूझरच्या घरातलीच गाडी आहे. तेवढ्यावरून तुमची गाडी त्यातलीच असं मी म्हणणार नाही. पण तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आता जरा तारखांकडे बघू. वापरलेली गाडी आपल्या देशात आयात करायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते, स्टिअरिंग उजवीकडे लागतं, आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. २०१२ ची गाडी म्हणजे फार तर २०१५ पर्यंत. नवी आणली असेल तर त्याच सुमारास. कुठल्याही सरळ मार्गाने आली असेल तर तिची इथली पहिली नोंदणी २०१२ ते २०१५ मधली हवी. तुमच्या आरसीवर २०२१ आहे. मधली सहा वर्षं गाडी कुठे होती, एवढा एकच प्रश्न व्यापाऱ्याला विचारा.

खरी उत्तरं मोजकीच असू शकतात. एक म्हणजे ती एखाद्या वकिलातीची असेल. त्यांना ड्युटी माफ असते, पण विकताना परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी लागते आणि ड्युटी भरावी लागते. त्या दोन्हींचे कागद गाडीबरोबर पुढे जातात. दुसरं, कस्टम्सने जप्त करून लिलावात काढलेली असेल. मग विक्रीच्या पत्रावर चासी नंबर असतोच. या दोन्हींतलं काही नसेल तर गाडी त्या सहा वर्षांत भारतात नव्हतीच, असं धरून चला.

मळेवाला_अमोल

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त आरसी खरी आहे का ते ‘परिवहन’वर बघितलं. तिथे सगळं बरोबर दिसतं, म्हणून निश्चिंत होतो.

अ‍ॅड_मीनल

अमोलभाऊ, इथेच बहुतेक जण फसतात. पोर्टलवर दिसतं म्हणजे आरटीओने नोंद केली, एवढंच. नोंद कुठल्या कागदांवर केली ते पोर्टल सांगत नाही. खोट्या कागदांवर मिळवलेली नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली रद्द करता येते. मालकाला म्हणणं मांडायची संधी देतात, पण तुम्ही प्रामाणिकपणे विकत घेतली म्हणून नोंदणी शाबूत राहील असं नाही.

कस्टम्सच्या बाजूने बघितलं तर जप्ती गाडीवर असते, माणसावर नाही. गाडी चार हात बदलून तुमच्याकडे आली तरी ती चुकीच्या मार्गाने आलेला मालच राहते. दंड लागतो का, किती लागतो, यात तुमचा प्रामाणिकपणा उपयोगी पडतो. गाडी दारातून उचलून नेण्यात पडत नाही. नंतर बाँड आणि बँक गॅरंटी देऊन तात्पुरती सोडवता येते, पण तोपर्यंत वकिलाचा आणि वेळेचा खर्च तुमचा.

व्यापारी तुम्हाला शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर ‘सर्व जबाबदारी माझी’ असं लिहून देईल. घ्या, पण त्याने फक्त त्याच्यावर दावा लावता येईल. कस्टम्सला तो कागद दाखवून काही होत नाही.

दुबईवासी_मंदार

छान चर्चा. मी पुढच्या वर्षी कायमचा पुण्याला परत येतोय. माझी प्राडो इथे चार वर्षं आहे, एकदम मस्त ठेवलीय. तीही अशीच आणली तर किती खर्च येईल?

डॉकयार्ड_काका

मंदार, अमोल गाडी विकत घेतायत, आणत नाहीयेत. तुमचा प्रश्न वेगळा आहे. कायमचं परत येणाऱ्याला स्वतःची गाडी आणायची सोय आहे. बाहेर दोन वर्षं सलग राहिलेलं असावं लागतं आणि गाडी किमान एक वर्ष तुमच्या ताब्यात असावी लागते. अशी गाडी दोन वर्षं विकता येत नाही, ती अट कागदावर येते. पण तुमची अडचण त्याच्याही आधी आहे. दुबईत स्टिअरिंग डावीकडे असतं. ती गाडी इथे येणार नाही, तिथेच विकून या.

दुबईवासी_मंदार

स्टिअरिंग बदलून देणारे लोक आहेत ना इथे?

चाकण_गॅरेज

मंदारदादा, तसं काम झालेली गाडी माझ्याकडे एकदा आली होती. डॅशबोर्ड कापून जोडलेला, हीटरची पेटी उलटी बसवलेली, ब्रेकचा दट्ट्या एका लांब सळईने डावीकडून उजवीकडे आणलेला. मी किल्ली परत दिली.

अमोलभाऊ, तुमच्या गाडीचं बोलतो. चासी नंबर बघितलात का? उजव्या पुढच्या चाकाजवळ चासीवर ठोकलेला असतो, टॉर्च आणि ओला फडका घेऊन जा. निर्यातीसाठी बनवलेल्या टोयोटाला सतरा अक्षरांचा नंबर असतो. जपानच्या आतल्या बाजारासाठी बनवलेली असेल तर `TRJ150-00…` असा छोटा, मध्ये आडवी रेघ असलेला नंबर असतो. आरसीवर अक्षर न् अक्षर तोच आहे का ते बघा. आजूबाजूचा रंग नवा असेल, पत्र्यावर ग्राइंडरचे चरे असतील तर तिथूनच परत फिरा.

साल तपासायचं असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. अगदी तळाशी शिवलेलं लेबल असतं, त्यावर बनवल्याची तारीख असते. चारही बेल्टचं बघा. आरसीवर २०१२ आणि बेल्टवर २००९ असेल तर कागद गाडीसाठी नाही, गाडी कागदासाठी शोधलेली आहे.

आणि रेडिओ लावा. ९० च्या पुढे जातो का बघा.

कोल्हापुरी_राजू

रेडिओचं काय मध्येच?

चाकण_गॅरेज

जपानमध्ये एफएमचा पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि त्या काळातल्या गाड्यांचे रेडिओ ९० ला थांबतात. पुण्याचं विविध भारती १०१ वर आहे, ते लागणारच नाही. माझ्याकडे एक गिऱ्हाईक फक्त एवढीच तक्रार घेऊन आलं होतं. तिथून मी चासी नंबर बघितला आणि त्यांना सांगितलं की साहेब, ही जपानच्या आतल्या बाजारातली गाडी आहे. त्यांना विकणाऱ्याने गल्फची म्हणून दिली होती.

यात वाईट काहीच नाही, गाडी तीच आहे. पण स्पेअरला फरक पडतो. या २.७ पेट्रोल प्राडोचं इंजिन म्हणजे आपल्या इनोव्हा क्रिस्टा पेट्रोलच्याच घरातलं. ऑइल फिल्टर, प्लग, पट्टा असलं सर्व्हिसचं सामान नाशकात मिळेल, नीट जुळवून बसवलं की झालं. तिथपर्यंत सह्याद्रीदादांचं बरोबर आहे. अडतं इंजिनाच्या बाहेर. हेडलाइट, पुढची काच, बंपरमधले सेन्सर, एबीएसचं युनिट, पडद्याचा डिस्प्ले. अधिकृत डीलरकडे जपानी चासी नंबर घातला की त्यांच्या सिस्टिममध्ये गाडीच सापडत नाही. मग पार्ट नंबर आपण शोधायचा, दुबईहून किंवा जपानहून मागवायचा, कुरिअर आणि ड्युटी भरायची. चुकीचा आला तर परत कुणी घेत नाही.

सांगलीची_स्नेहा

चाकणदादा बोलले ते आम्ही भोगलंय. माझ्या मोठ्या दिरांनी ईशान्येकडच्या पासिंगची लँड क्रूझर घेतली होती. मिरजेच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, उजवा हेडलाइट आणि बोनेट गेलं. बोनेट इथेच ठोकून घेतलं. हेडलाइट यायला अकरा आठवडे लागले आणि लाइटपेक्षा कुरिअर आणि ड्युटी जास्त झाली. तोपर्यंत रात्री गाडी बाहेर काढायची नाही, असा घरात नियमच होता.

पण खरा त्रास विकताना झाला. गिऱ्हाईक मिळालं, पैसेही ठरले. त्यांच्या आरटीओने जुन्या आरटीओकडे मूळ कागदांची खातरजमा मागितली. तिकडून उत्तरच येईना. गिऱ्हाईक दोन महिने थांबलं, मग टोकन परत मागितलं. गाडी चौदा महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. बॅटरी उतरते म्हणून दीर दर रविवारी चालू करून ठेवतात. विकता येत नाही आणि मुलांना शाळेत सोडायलाही नेत नाहीत, रस्त्यात कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून.

सह्याद्री४बाय४

स्नेहाताई, वाईट वाटलं वाचून. भूतानचं माझं चुकलं, काका बरोबर आहेत.

पण माझा मुद्दा एकदम सोडत नाही. माझ्या जीपबरोबर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्समध्ये भरलेला कागद आहे, त्यावर पहिल्या मालकाचं नाव आहे, ड्युटी भरल्याचं चलन आहे, आणि नोंदणी त्याच वर्षातली आहे. मला गेल्या वर्षी दोघांनी चांगली किंमत विचारली. फाइल पूर्ण असेल तर अशा गाडीला मागणी असते.

डॉकयार्ड_काका

अगदी मान्य. तुमच्याकडे जे आहे तेच अमोलनी मागायचं आहे. बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर, तारीख आणि बंदर मिळालं की कस्टम्सच्या ‘आइसगेट’ पोर्टलवर त्याची स्थिती बघता येते. तिथे सापडलं म्हणजे संपलं असं नाही. दुसऱ्याच मालाचं खरं बिल दाखवणारेही आहेत, म्हणून कागदावरचा चासी नंबर बघायचाच. आणि प्रवाशाच्या सामानातून आलेल्या जुन्या गाडीचा कागद हाताने केलेला असू शकतो, तो पोर्टलवर न मिळणं म्हणजे लगेच खोटा नव्हे. मग त्या कस्टम हाउसला लेखी विचारावं लागतं. वेळ लागतो. विकणाऱ्याला घाई असेल तर ती त्याची घाई.

विमा_वैशाली

मी विम्याच्या नुकसानीची पाहणी करते, सर्व्हेअर आहे. इन्शुरन्सबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

अमोल, व्यापारी तुम्हाला चालू पॉलिसी दाखवेल. ऑनलाइन पॉलिसी गाडीचा नंबर टाकून पाच मिनिटांत निघते, तिने काही सिद्ध होत नाही. पॉलिसीवर मॉडेल आणि इंधन काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे कंपनीने त्या काळातली प्राडो डिझेलमध्ये विकली, म्हणून यादीत पेट्रोल सापडत नाही आणि एजंट सरळ डिझेलची ओळ निवडतो. हप्ता भरला जातो, सगळे खूश. क्लेमच्या दिवशी माझ्यासारखं कुणीतरी येऊन चासी नंबर घासून वाचतं, फोटो काढतं, टाकीचं झाकण उघडतं. पॉलिसीतली गाडी आणि समोरची गाडी वेगळी निघाली की कंपनी थांबते. अशा एका पाहणीत समोरचा मालक निवृत्त शिक्षक होता, त्याला स्वतःच्या पॉलिसीवर डिझेल लिहिलंय हे तिथे उभं असताना कळलं. ते तोंड मला अजून आठवतं.

दुसरं, गाडीची विमा किंमत. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. इतर देशात काय भाव आहे, तुम्ही किती दिले, याला अर्थ नाही. सतरा लाख देऊन पॉलिसीवर नऊ लाख असतील तर चोरी झाल्यावर नऊच्या हिशोबानेच मिळेल.

आणि कस्टम्सने नेली तर तो अपघातही नाही आणि चोरीही नाही. त्याचा क्लेम बसत नाही. आरसीच रद्द झाली तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम जवळजवळ गेलाच. समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर न्यायाधिकरण त्याला भरपाई देववतं, पण कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करायला जाऊ शकते. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. गाडी गेली तर सतरा लाख जातात, यात बाग जाऊ शकते.

मळेवाला_अमोल

वैशालीताई, शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं.

महाराष्ट्राच्या टॅक्सचं कुणाला माहीत आहे का? व्यापारी म्हणतो दीड लाखात काम होईल.

अ‍ॅड_मीनल

महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कर २० टक्के आहे, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो. नक्की आकडा आरटीओच काढेल. पण दीड लाखात काम होईल म्हणजे तो ती गाडी आयात म्हणून दाखवणार आहे की नाही, ते विचारा. आधीच्या राज्यात ती साधी देशी गाडी म्हणून नोंदली असेल तर तीच एक गडबड आहे, आणि इथे तसाच अर्ज केला तर त्या अर्जावर सही तुमची असेल.

कोल्हापुरी_राजू

एनओसी काढून आणलं आणि इथे पासिंग झालंच नाही तर? गाडी कुठल्या राज्याची?

अ‍ॅड_मीनल

राजू, हा चांगला प्रश्न आहे आणि सरळ उत्तर नाही. एनओसी रद्द करून मूळ ठिकाणी परत नोंद चालू करता येते, पण तिथला मालक सहकार्य करेल तर. स्नेहाताईंच्या दिरांसारखी अवस्था अशीच होते. म्हणून पैसे पासिंगनंतर, ही अट लेखी घालून बघा. ती मान्य झाली तर व्यापाऱ्याला स्वतःच्या कागदांची खात्री आहे असं म्हणता येईल.

मळेवाला_अमोल

चार दिवसांनी लिहितोय. शनिवारी टॉर्च, फडका आणि चुलतभाऊ घेऊन गेलो होतो.

चासी नंबर छोटाच निघाला, मध्ये आडवी रेघ असलेला. आरसीशी जुळतो, ग्राइंडरचे चरे नाहीत. सीटबेल्टवर तीन ठिकाणी २०११, एकावर लेबल कापलेलं. रेडिओ ९० ला थांबला. पॉलिसीवर खरंच डिझेल लिहिलंय. वैशालीताई, मी तिथेच खुर्चीवर बसलो.

मग मधली सहा वर्षं विचारली. व्यापाऱ्याने लिलावाच्या पत्राची झेरॉक्स काढून दिली. त्यावर ‘टोयोटा वाहन, नग १’ एवढंच आहे. चासी नंबर नाही, इंजिन नंबर नाही. बिल ऑफ एन्ट्री मागितलं तर म्हणाला, लष्कराच्या गाडीला ते लागत नाही. पासिंगनंतर पैसे म्हटल्यावर लगेच दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणाला.

टोकन दिलेलं नाही. वडील मात्र ऐकायला तयार नाहीत, "एवढी गाडी रस्त्यावर फिरतेय, तर खोटी कशी?" असं म्हणतात. काका, तुम्ही त्यांच्याशी फोनवर बोलाल का?

डॉकयार्ड_काका

नक्की. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. संध्याकाळी सातनंतर करतो. आणि त्या झेरॉक्सचा फोटो जपून ठेवा, फेकू नका.

चाकण_गॅरेज

वडिलांच्या मणक्यासाठी पाहिजे असेल तर कंपनीने इथे विकलेली डिझेल प्राडो बघा, सतरा अक्षरी नंबरवाली. कमी मिळतात, पण मिळतात. डीलरकडे तिचा सर्व्हिस इतिहास निघतो. एक शिरूरला उभी आहे असं ऐकलंय, उद्या विचारून सांगतो.

सांगलीची_स्नेहा

चाकणदादा, आमच्या गाडीच्या डाव्या हेडलाइटलाही आता पाणी जायला लागलंय. मुरूममाती लागून नाही, शेडमध्ये उभ्या उभ्या. काही करता येईल का?